शेवट न फोडता पुस्तकाचा व्हिडिओ: संहिता, पडद्यावरची अवतरणं आणि वाचनाची दृश्यं

आमच्या तालुक्याच्या वाचनालयातून रहस्यकथा आणायची तर आधी पहिली चार पानं चाळावी लागतात. कुणीतरी पेन्सिलीने तिथे ‘खुनी = डॉक्टर’ असं लिहून ठेवलेलं असतं. लिहिणाऱ्याला त्यात काय आनंद मिळत असेल कोण जाणे. पण पुस्तकांवर व्हिडिओ करायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं, की ती पेन्सिल माझ्याही हातात आहे आणि माझी तर न कळत चालते.

माझ्या तिसऱ्या की चौथ्या व्हिडिओत मी बोलताना अवाक्षर फोडलं नव्हतं. मध्ये मात्र पान उलटतानाचं एक सुंदर, अगदी जवळून घेतलेलं दृश्य टाकलं होतं. एका प्रेक्षकाने व्हिडिओ तिथे थांबवला, मोठा केला, पान वाचलं आणि मला कळवलं, ‘ताई, आभारी आहे, पुस्तकाचे पैसे वाचले.’ तेव्हापासून मी संहिता, अवतरणं आणि चित्रण अशी तिन्ही कामं एकाच नियमाला बांधून करते. नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी ती पद्धत इथे क्रमाने मांडते आहे.

उदाहरण खऱ्या पुस्तकाचं घेतलं तर ते मलाच फोडावं लागेल. म्हणून या लेखापुरती एक कादंबरी मी रचली आहे. ती दुकानात मिळणार नाही. २१० पानं. सुमन ही पोस्टातून निवृत्त झालेली बाई माहेरचं घर विकायला कोकणात येते. माजघरातल्या पेटीत तिला भावाने, दिनूने, आईला पाठवलेली आंतरदेशीय पत्रं सापडतात. दिनू १९८२च्या गिरणी संपाच्या वेळी मुंबईत होता, त्यानंतर तो घरी कधीच आला नाही, पत्रं मात्र येत राहिली. ३१व्या पानावर सुमनला अक्षर खटकतं. शेवट असा, की दिनू संपाच्या वर्षीच गेला होता आणि पुढची सगळी पत्रं शेजारच्या वत्सलाकाकूंनी लिहिली होती. हे १४८व्या पानावर कळतं. आपल्या पाच मिनिटांच्या व्हिडिओत यातलं काय येऊ द्यायचं, ते आता बघू.

आधी रेघ आखा

पुस्तक वाचून झालं की पहिलं काम एकच: कुठल्या पानापर्यंतच्या घटना सांगायच्या ते ठरवायचं आणि तिथे खूण घालायची. ‘थोडंसंच सांगेन’ असं मोघम ठरवून बसलात तर बोलण्याच्या भरात शंभराव्या पानावर पोचाल. साधारण पहिला पाचवा हिस्सा मी धरते, पण तो आकडा डोळे मिटून लावत नाही. मलपृष्ठावरचा मजकूर वाचते. प्रकाशकाने जे आधीच सांगून टाकलंय ते सांगायला हरकत नसते. (कधी कधी मलपृष्ठच इतकं बोलकं असतं, की मी प्रेक्षकांना ते वाचू नका म्हणते.) मग कथेला तोंड कुठे फुटतं ते बघते, म्हणजे वाचकाच्या मनात मुख्य प्रश्न कुठे उभा राहतो.

आपल्या कादंबरीत तो ३१व्या पानावर उभा राहतो: ही पत्रं दिनूची नाहीत, मग कोणाची? म्हणजे तिथपर्यंत जायलाच हवं, नाहीतर पुस्तकात काय आहे हेच कळणार नाही. पुढची दहा-बारा पानं सुमन गावात चौकशी सुरू करते. ४५व्या पानावर मी रेघ मारली.

रेघेच्या अलीकडे काय घडतं ते सांगायला मोकळीक. रेघेच्या पलीकडे घटना सांगायची नाही, पण लेखन कसं आहे ते सांगता येतं. ‘साठ ते नव्वद पानांमध्ये घरविक्रीच्या कागदपत्रांचा भाग लांबलाय’ हे मी सांगू शकते, कारण त्यात वेगाबद्दलची तक्रार आहे, गुपित नाही. ‘शेवटाकडे लेखिका घाई करते’ हेही चालेल. परीक्षणात तक्रारच नसेल तर ती जाहिरात होते, म्हणून ही वाट मोकळी ठेवायची.

एक सापळा मात्र असा आहे, की त्यात जवळजवळ सगळे पडतात. ‘शेवट तर असा आहे की विचारू नका!’ यात कुठलीही घटना नाही, तरी हे फोडणंच झालं. ऐकणारा आता पहिल्या पानापासून धक्का शोधत वाचणार आणि आपल्या कादंबरीत तो सत्तराव्या पानावर वत्सलाकाकूंपाशी पोचणार. ‘रुमाल जवळ ठेवा’, ‘कुणावरही विश्वास ठेवू नका’ हीदेखील त्याचीच भावंडं. माझ्या संहितेत ‘शेवट’ हा शब्द आला की मी त्याभोवती गोल करते आणि नव्वद टक्के वेळा ते वाक्य काढून टाकते.

पुस्तक जुनं आहे म्हणून सगळ्यांना माहीतच असेल, असंही धरू नका. हरिभाऊ आपट्यांचं ‘करमणूक’ हे साप्ताहिक १८९०मध्ये सुरू झालं आणि त्यातल्या कादंबऱ्या लोक आठवड्या-आठवड्याने, पुढचं काही ठाऊक नसताना वाचत होते. आज विशीत असलेला वाचक तीच कादंबरी पहिल्यांदा उघडतो, तेव्हा तोही त्यांच्याइतकाच नवा असतो.

संहितेआधी अवतरणं निवडा

बहुतेक नवे लोक आधी बोलणं लिहितात आणि मग मध्ये मध्ये वाक्यं चिकटवतात. उलटं करा. पाच मिनिटांना तीन अवतरणं पुरतात, आणि ती ठरली की संहिता त्यांच्याभोवती आपोआप उभी राहते.

निवडताना मी चार-पाच वाक्यं वहीत उतरवते, प्रत्येकापुढे पान क्रमांक. आपल्या कादंबरीतली माझी यादी अशी होती:

पान १२: ‘आईला अक्षर ओळखू यायचं नाही. तिला फक्त पत्र आल्याचा आवाज ओळखू यायचा.’

पान ३१: ‘दिनूचा ळ असा नव्हता.’

पान ३८: ‘पावसाने गावातले सगळे पत्ते पुसले होते, माणसं तेवढी जागच्या जागी होती.’

पान १३९: ‘काही खोटं बोलायला आयुष्यभराचं प्रेम लागतं.’

शेवटचं वाक्य पोस्टरवर छापावं असं आहे, आणि नेमकं तेच टाळायचं. पान रेघेच्या पलीकडचं आहे हे एक कारण. दुसरं असं, की प्रेक्षकाला ‘पत्रं खोटी आहेत’ एवढंच माहीत असताना हे वाक्य त्याला सांगून टाकतं, की ती कुणीतरी मायेपोटी लिहिली. संशयितांची यादी एका फटक्यात निम्मी होते. देखण्या वाक्यांचं हे नेहमीचं दुखणं आहे, लेखक आपलं सगळ्यात चांगलं वाक्य बहुधा उलगड्याच्या जागी खर्च करतो.

बाराव्या पानावरचं वाक्य एकटं उभं राहतं, त्यात बारा शब्द आहेत आणि लेखिकेचा आवाज ऐकू येतो. ३१व्या पानावरचं चारच शब्दांचं, पण व्हिडिओ त्याच्यावरच फिरणार. ३८व्या पानावरचं वाक्य गावासाठी. पंधरा-सोळा शब्दांच्या पुढचं अवतरण फोनच्या पडद्यावर वाचवत नाही. लांब वाक्य छाटायचंच असेल तर गाळलेल्या जागी तीन टिंबं द्या, आणि दोन वेगळ्या परिच्छेदांतली अर्धी अर्धी वाक्यं जोडून तिसरं वाक्य तयार करू नका.

उतरवून घेताना पुस्तकातलं लेखन जसंच्या तसं ठेवायचं. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांत जास्तीचे अनुस्वार असतात. ‘पण लक्षांत कोण घेतो’ या शीर्षकातला ‘क्षां’वरचा अनुस्वार ही चूक नाही, तो लेखनाचा काळ आहे. तो ‘सुधारला’ की अवतरण आपलं झालं, लेखकाचं राहिलं नाही.

हक्कांचं थोडक्यात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून साठ वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११पासून मुक्त आहे. अनुवादाचा आणि नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेचा हक्क मात्र वेगळा असतो. हक्क चालू असलेल्या पुस्तकातून परीक्षणासाठी वाजवी अवतरण द्यायला १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ मुभा देतं. त्यात शब्दांचा आकडा ठरवून दिलेला नाही. तीन वाक्यं दाखवून त्यांच्याबद्दल बोलणं वेगळं आणि अख्खं प्रकरण वाचून दाखवणं वेगळं. लेखक, अनुवादक, प्रकाशक आणि आवृत्ती यांची नावं पडद्यावर द्या.

संहिता लिहिताना मराठी काय फोडते

कागदाचे दोन भाग करा: डावीकडे ऐकू येणारं, उजवीकडे दिसणारं. लांबी शब्दांवरून ठरवा. स्वतःचं एक पान नेहमीच्या वेगाने वाचून घड्याळ लावा. माझा वेग मिनिटाला ११५ शब्दांच्या आसपास आहे. म्हणजे पाच मिनिटांना ५७५. त्यातून अवतरणांची अर्धी मिनिट आणि श्वासाच्या जागा वजा केल्या की माझी संहिता ४८० शब्दांवर थांबते. पहिल्या खेपेला सगळ्यांची आठशेवर जाते, आणि मग लोक धापा टाकत बोलतात.

आता खरी गंमत. आपल्या भाषेत क्रियापद लिंग सांगतं. ‘पत्रं लिहिणारी कोण आहे?’ असं सहज म्हणालात की संपलं, बाई आहे हे कळलं. ‘लिहिणारा कोण?’ म्हणालात तर प्रेक्षक पुरुष शोधेल आणि पुस्तक वाचल्यावर तुम्ही फसवलंत म्हणेल. काही जण ‘लिहिणारी व्यक्ती’ करतात. ते फार सरकारी वाटतं, आणि पुढच्याच वाक्यात ‘ती’ येते, की पुन्हा घोळ.

सुटका मराठीतच आहे. दार वाजलं की आपण ‘कोण आलंय?’ असं विचारतो. माहीत नसलेल्या माणसाला नपुंसकलिंग, घरोघरी चालतं. म्हणून ‘ही पत्रं लिहितंय कोण?’ असं म्हणा. दुसरा उपाय भूतकाळाचा: ‘कुणीतरी पत्रं लिहिली’. इथे क्रियापद पत्रांप्रमाणे चालतं, लिहिणाऱ्याचं लिंग झाकलेलं राहतं. ‘कुणीतरी लिहीत होती’ म्हटलं की उघडं पडलं. गुपित असलेल्या पात्राचा उल्लेख येतो तिथली प्रत्येक क्रिया मी पेन्सिलीने अधोरेखित करून तपासते. अशा फार तर सहा-सात जागा निघतात.

काळही चुगली करतो. ‘दिनूला समुद्राची भीती वाटायची’ हे वाक्य ऐकताना घरातल्या गेलेल्या माणसाबद्दल बोलतात तसं वाटतं. ऐकणारा मनात म्हणतो, म्हणजे तो गेला तर. त्याऐवजी: ‘दिनू आपल्याला भेटतो तो सुमनच्या आठवणींतून. समुद्राला भिणारा मुलगा.’ पात्रांबद्दल चालू वर्तमानात बोलायचं, हा माझा साधा नियम. आदराचंही तसंच. पहिल्या मिनिटाला ‘वत्सलाकाकू’ आणि पुढे अचानक ‘वत्सलाबाई, ज्यांनी आयुष्यभर...’ असा तुमचा सूर चढला, की त्यांच्याबद्दल तुम्हाला काहीतरी ठाऊक आहे हे कानाला समजतं. मुळात ज्या पात्रावर उलगडा टेकलेला आहे त्याचं नाव शक्यतो घ्यायचंच नाही. पण पूर्ण गाळायचंही नाही. गावातल्या चार माणसांची नावं एका दमात घ्यायची आणि काकू त्यात तिसऱ्या ठेवायच्या, म्हणजे नाव कानावरून जातं पण अडकत नाही.

आपल्या व्हिडिओची सुरुवात मी अशी लिहिली:

ऐकू येणारं: सुमनने चौतीस वर्षं पोस्टात काढली आहेत. पत्त्यावरचं अक्षर बघून माणूस ओळखणं तिच्या अंगवळणी पडलंय.
दिसणारं: जुन्या पाकिटांचा गठ्ठा, वरून फिरणारं बोट. पत्ते धूसर.

ऐकू येणारं: माहेरचं घर विकायला ती कोकणात येते. माजघरातल्या पेटीत आईने जपलेली पत्रं निघतात. भावाची, मुंबईहून आलेली.
दिसणारं: लाकडी पेटीचं झाकण उघडतं. मग खिडकीशी वाचणारी मी, पाठमोरी.

ऐकू येणारं: सुमन एक पत्र उचलते. वाचते. थांबते.
दिसणारं: हातातलं पुस्तक. बोट ओळीवर येऊन थांबतं.

ऐकू येणारं: (शांतता, चार सेकंद)
दिसणारं: ‘दिनूचा ळ असा नव्हता.’ खाली बारीक: पान ३१.

नमस्कार, माझं नाव, आज आपण, वगैरे काही नाही. पुस्तकाचं नाव याच्यानंतर येतं. पहिल्या तीस सेकंदांत प्रश्न उभा राहिला, आणि तो रेघेच्या आतलाच आहे.

पुढचा साचा मी बदलत राहते. बहुधा दुसऱ्या मिनिटात माणसं आणि गाव, तिसऱ्यात भाषा (आपल्या कादंबरीतले मालवणी संवाद बाहेरच्या वाचकाला कितपत कळतील, हे सांगणं फार उपयोगाचं), मग तक्रार, आणि हे पुस्तक कुणाला आवडणार नाही ते.

पडद्यावरचं अक्षर

नवख्यांचे सगळ्यात जास्त तास इथे वाया जातात, कारण संपादनाची बरीच साधनं रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून केलेली असतात. कामाला लागण्याआधी हे चार शब्द टाइप करून बघा: क्षितिज, मूर्ती, दुसऱ्या, तऱ्हा. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे गेली, रफार भलत्या अक्षरावर बसला किंवा ‘दुसऱ्या’तला र पाय मोडून पडला, तर ते साधन देवनागरी नीट जुळवत नाही. Premiere Pro वापरत असाल तर Preferences मध्ये Graphics खाली South Asian and Middle Eastern हा पर्याय निवडावा लागतो, मग सगळं जागेवर येतं. दुसऱ्या साधनात असा पर्याय सापडला नाही तर वेळ घालवू नका. अवतरण चित्रकामाच्या दुसऱ्या साधनात १९२० बाय १०८० आकारात, पारदर्शक पार्श्वभूमीवर तयार करा, PNG म्हणून साठवा आणि चित्रासारखं व्हिडिओवर ठेवा. मी अजूनही बऱ्याचदा हेच करते.

टंक युनिकोड हवा, जुन्या छापखान्याच्या संगणकावरून आणलेला नको. Tiro Devanagari Marathi फुकट मिळतो आणि त्यात ल, श यांची आपल्या सवयीची मराठी वळणं आहेत. पुस्तकाच्या वाक्याला तो शोभतो. दिसायला थोडा बारीक आहे, म्हणून फोनसाठी अक्षर मोठं ठेवा.

तीन गोष्टी हमखास बिघडतात. एक, अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेघ तुटते आणि शब्द दातात फटी पडल्यासारखा दिसतो. ते अंतर शून्यच ठेवा. दोन, टंकलेखन यंत्रासारखं एकेक अक्षर उमटवण्याचा परिणाम देवनागरीत फसतो. आधी ‘क’ येतो, मग वेलांटी येऊन त्याला ढकलते, जोडाक्षरं डोळ्यांसमोर तुटतात. पूर्ण ओळ हळूच उजळू द्या. तीन, ओळींमधलं अंतर. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांना भिडतात, म्हणून इंग्रजीला देता त्यापेक्षा सैल अंतर लागतं, अक्षराच्या उंचीच्या साधारण दीडपट.

ओळ अर्थाला धरून मोडा. ‘आईला अक्षर ओळखू यायचं नाही.’ ही एक ओळ, ‘तिला फक्त पत्र आल्याचा’ दुसरी, ‘आवाज ओळखू यायचा.’ तिसरी. ‘यायचं’ एका ओळीत आणि ‘नाही’ दुसऱ्या ओळीत गेलं तर क्षणभर उलटा अर्थ वाचला जातो.

किती वेळ ठेवायचं? मनात सावकाश एकदा वाचा, त्यात दोन सेकंद मिळवा. बारा शब्दांना सातेक सेकंद होतात. आणि अवतरण पडद्यावर असताना वेगळं काही बोलू नका. एकतर तेच वाक्य, तसंच्या तसं वाचा किंवा गप्प बसा. डोळे एक वाचतायत आणि कान दुसरंच ऐकतायत असं झालं, की दोन्ही निसटतं. तीनांपैकी एक वाचायचं आणि दोन शांततेत सोडायची, असं माझं प्रमाण आहे. मागचं दृश्य गडद आणि धूसर असावं. पांढऱ्या पानावर पांढरी अक्षरं टाकून मग त्यांना जाड काळी किनार देणं, हे लग्नाच्या व्हिडिओत बरं दिसतं.

वाचनाची दृश्यं

पाच मिनिटांत माझा चेहरा दोनेक मिनिटं असतो, अवतरणं अर्धा मिनिट. उरलेली अडीच मिनिटं दृश्यांनी भरायची. एक दृश्य पाच सेकंद धरलं तर तीस दृश्यं लागतात. तीस ऐकून घाबरू नका. खिडकीशी एक जागा, एक पुस्तक आणि दीड तास पुरतो. प्रत्येक दृश्य दहा सेकंद घ्या, कापताना मधले पाच वापरा, कारण सुरुवातीला आणि शेवटी हात हललेला असतो.

उजेड खिडकीचा, बाजूने आलेला. ऊन थेट पानावर नको. घरातली ट्यूब बंद करा, नाहीतर अर्धं पान पिवळसर आणि अर्धं निळसर दिसतं. दिवे लावावेच लागले तर आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे हे लक्षात ठेवून २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा, म्हणजे चित्रात पट्टे सरकत नाहीत. फोनवर पडद्याला बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड कुलूपबंद होतो. ते न करता पान उलटलंत तर पांढरा कागद समोर येताच फोन सगळं अंधारं करतो आणि पुन्हा उजळतो. वरून घेताना स्वतःची सावली बघा.

काय घ्यायचं? पानाची कड सोडवणारा अंगठा. कण्यावरची घडी. खूण म्हणून घातलेलं एसटीचं तिकीट. वाचताना थंड झालेला चहा, त्यावर आलेली साय. पाठमोरी आकृती. ‘वाचणारा माणूस’ दाखवायचा तर खरंच वाचत बसा आणि कॅमेरा दहा मिनिटं चालू ठेवा. वाचण्याचा अभिनय करणाऱ्याचे डोळे ओळीवरून सरकत नाहीत, एका जागी खिळतात. लगेच कळतं.

आता रेघ इथेही लावायची. पुस्तक उघडून दाखवायचं ते ४५व्या पानाच्या आतच. मजकूर फोकसमध्ये येणार असेल तर आधी ते पान स्वतः पूर्ण वाचा. अनुक्रमणिका टाळा, प्रकरणांची नावं फार बोलकी असतात. सुरुवातीला वंशावळ छापलेली असेल तर तीही टाळा, कोण कुणाचं आणि कोण कधी गेलं हे तिथे सरळ लिहिलेलं असतं. चिकटवलेल्या रंगीत खुणाही बघा. शेवटच्या पंचवीस पानांवर एकदम सात खुणा दिसल्या, तर तिथे काहीतरी घडतंय हे सांगायला नको. आणि वाचणाऱ्याचा चेहरा: उजव्या हातात चारच पानं उरलेली आणि डोळ्यांत पाणी, हे दृश्य कितीही छान आलं तरी ते शेवट सांगतंच.

कथेतल्या वस्तू वापरताना आणखी जपा. आंतरदेशीय पत्र दाखवायचं म्हणून मी ते माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, गोल, वळणदार. मग लक्षात आलं, ज्या पुस्तकात अक्षरावरूनच माणूस शोधायचाय त्याच्या व्हिडिओत मी कुणाचं अक्षर दाखवतेय? पत्र घडी घातलेलं दाखवलं, लिहिलेली बाजू आत.

जुळवणी आणि तपासणी

आवाज आधी. पंखा बंद, कुकर उतरवलेला, दारं लावलेली. शक्यतो कपड्यांच्या कपाटासमोर बसून संहिता वाचा. पान उलटल्याचा आवाज वेगळा, फोन जवळ धरून घ्या, दृश्याबरोबर आलेला बहुधा कामाचा नसतो. संपादनात पहिल्यांदा आवाज मांडा, मग अवतरणांच्या जागा आणि त्यांची शांतता, उरलेल्या जागी दृश्यं. दृश्य बोलण्याचं शब्दशः चित्र नसावं. ‘पाऊस’ म्हटलं की पाऊस, ‘चहा’ म्हटलं की चहा, असं तिसऱ्यांदा झालं की बालवाडीचा तक्ता वाटायला लागतो.

तपासणी दोनदा करते. एकदा फोनवर, स्वतः, प्रत्येक दृश्य थांबवून आणि मोठं करून, त्या पहिल्या प्रेक्षकाची आठवण ठेवून. दुसऱ्यांदा पुस्तक न वाचलेल्या कुणालातरी दाखवून. ‘कसा वाटला’ असं विचारायचं नाही, कारण छानच म्हणतात. ‘पुढे काय होईल असं वाटतं?’ असं विचारायचं. तीन-चार वेगवेगळे अंदाज आले तर व्हिडिओ ठीक आहे. ठाम आणि बरोबर असा एकच अंदाज आला, तर कुठून कळलं ते विचारून ती जागा शोधायची.

मागच्या महिन्यात एका वेगळ्या पुस्तकाचा व्हिडिओ मी माझ्या जावेला दाखवला. तिने आवाज बंद ठेवून बघितला, पोरगं झोपलं होतं म्हणून. संपल्यावर म्हणाली, ‘ती समोरच्या घराची खिडकी दोनदा का दाखवलीस? तिथलं कुणीतरी आहे ना?’ संहितेत त्या घराचा उल्लेखही नव्हता. पुस्तक वाचून झालेलं असल्यामुळे माझाच हात कॅमेरा घेऊन तिकडे वळला होता. दोन्ही दृश्यं काढली आणि तिथे चहावरची साय टाकली.